आजोबांच्या घराला दहापैकी आठ

आमच्या क्लासात त्यांना षष्ठीसर म्हणतात, अर्थात पाठीमागे. हे नाव मीच पाडलं, बारा वर्षांपूर्वी, त्यांच्या पहिल्या बॅचमध्ये शिकत असताना. आता त्याच क्लासात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून मी नवशिक्यांना शिकवते, तरी ते नाव काही सुटलेलं नाही. आपल्याकडे चा-ची-चे लावलं की षष्ठी झाली. जर्मनमध्ये ती इतकी सहज मिळत नाही. 'शिक्षकाचं घर' म्हणायचं तर घर आधी येतं आणि शिक्षक मागून. शिवाय शिक्षकाच्या आधी लागणारं 'डेर' हे आर्टिकल बदलून 'डेस' होतं आणि त्याच्या शेपटाला 'स' लागतो: डास हाऊस डेस लेहरर्स. मालक स्त्रीलिंगी असला की 'डी'चं 'डेर' होतं आणि शेपूट काही लागत नाही: डी टाशे डेर श्वेस्टर, म्हणजे नर्सची बॅग. सर हे शिकवायला लागले की त्यांच्या कपाळावरच्या आठ्या जातात. एरवी त्या कायम मुक्कामाला असतात.

सरांनी तीस वर्षं एका कारखान्यात यंत्रांच्या जर्मन माहितीपुस्तकांचं भाषांतर केलं, त्यातल्या आकृत्याही स्वतः काढल्या. पंपाचा दाब, मोटरचे फेरे, झडपेची दुरुस्ती. त्या पुस्तकांत पानोपानी षष्ठी, कारण यंत्रात प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाची तरी असते. जर्मन बोलणारा माणूस मात्र त्यांना त्या तीस वर्षांत दोनदाच भेटला, आणि त्यातला एक सर्दीने बेजार होता. निवृत्त झाल्यावर ते आमच्या क्लासात आले. झेरॉक्सच्या दुकानावरचा पहिला मजला, दोन खोल्या, मागे एक छोटी खोली आणि त्यात एक टेबल. शिकायला येतात त्या बहुतेक नर्स. परीक्षा पास झाली की तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी मिळते, म्हणून ड्यूटी संपवून, पायात गोळे आलेले असताना येतात आणि डेर-डी-डास घोकतात.

सर वह्या तपासतात. तपासतात म्हणजे त्यांच्यावर तुटून पडतात. लाल पेन, खाली मार्क, आणि तिसऱ्या दिवशी वही परत. तीन दिवसांचा हा नेम बाईसाहेब आजारी होत्या तेव्हाही मोडला नाही. बाईसाहेब म्हणजे सरांची बायको, तीन वर्षांपूर्वी गेली. वही न तपासता परत देणं म्हणजे समोरच्याला किंमत न देणं, असं सरांचं मत. आमच्या दारावरच्या सूचनेतल्याही दोन चुका त्यांनी लाल पेनाने दुरुस्त केल्यात. सूचना मी लिहिली होती. मला राग आला होता, पण चुका खऱ्या होत्या, मग गप्प बसण्यावाचून इलाज नव्हता.

त्यांची एकुलती मुलगी तिकडेच असते. लग्न तिकडच्या माणसाशी केलं, आणि त्यांना एक मुलगी झाली, ती आता सात वर्षांची आहे. नातीला मराठी येत नाही. "आजोबा" सुद्धा नाही, ती "ओपा" म्हणते. सरांना त्याचं वाईट वाटत नसे, उलट छाती फुगायची. "इतरांच्या नातवंडांना आजी-आजोबांशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत," असं ते मला म्हणायचे. "आमचं तसं नाही. आम्ही तिच्या भाषेत बोलतो." घरी नेट धड चालत नाही म्हणून दर रविवारी सकाळी ते क्लासच्या मागच्या खोलीत येऊन व्हिडिओ कॉल करायचे. त्या वेळी मी पुढच्या खोलीत सराव परीक्षेचे पेपर लावत असे. मधलं दार नीट लागत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. ऐकू येत नसतं तरी मी ऐकलंच असतं, हे आधीच कबूल करते.

बाईसाहेब होत्या तेव्हा त्याही यायच्या. त्यांना जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं. नाक दाबून दाखवायच्या, पदर डोळ्यांवर ओढून पुन्हा बाजूला करायच्या, आणि पलीकडे पोरगी खिदळायची. अर्धा-अर्धा तास चालायचं हे. सर मधेच फोन मागायचे, "मला जरा बोलू दे तिच्याशी." बाईसाहेब गेल्यावर फोन सरांकडेच राहिला.

एका रविवारचं मला चांगलं आठवतंय. नात घाईघाईने सांगत होती की ती मैत्रिणीच्या सायकलवरून पडली आणि गुडघ्याला तीन टाके पडले. 'मैत्रिणीची सायकल' ती म्हणाली तिथली मुलं म्हणतात तशी: डास फारराड फॉन माइनर फ्रॉइंडिन. 'फॉन' म्हणजे 'पासून', 'कडून', आणि बोलताना 'चा-ची-चे'चंही काम हाच शब्द करतो. सरांनी तिला थांबवलं.

"डास फारराड माइनर फ्रॉइंडिन," ते म्हणाले. "फॉन नको. म्हण बघू."

ती म्हणाली. मग सायकलकडे परत आली आणि रडू कसं आलं ते सांगू लागली. त्यात भावाचं दप्तर आलं, मैत्रिणीच्या भावाचं, आणि पुन्हा फॉन. सरांनी पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा थांबवल्यावर ती म्हणाली की तिला भूक लागली आहे. टाके कुणी घातले, किती दुखलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. फोन ठेवल्यावर सर बाहेर आले आणि खुशीत म्हणाले, "हुशार आहे. एकदा सांगितलं की धरते."

मी त्या वेळी बोलायला हवं होतं. पण मी कोण सांगणारी? माझी सूचना चुकलेली.

पुढे महिनाभराने क्लासच्या पत्त्यावर एक लिफाफा आला. सर दिवसभर इथेच असतात म्हणून घरचं टपालही इथेच येतं. आत चित्र होतं. लाल छपराचं घर, जिना, जिन्यावर गोल चष्म्याचा माणूस, खिडकीत पडदा. ती सरांच्या घरी कधी आली नव्हती. घरचं नेट चाललं तेवढ्यात सर मागे एकदा फोनवर घर दाखवत हिंडले होते, तेवढ्यावर तिने काढलेलं. छप्पर लाल नाहीच मुळी, पण फोनमध्ये ते थोडंच दिसलं होतं? खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं: डास हाऊस फॉन माइनेम ओपा. माझ्या आजोबांचं घर.

सरांनी ते चित्र दोन दिवस टेबलावरच्या काचेखाली ठेवलं. येणाऱ्या प्रत्येक नर्सला दाखवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर काच रिकामी, आणि सर नव्या लिफाफ्यावर पत्ता लिहीत होते. चित्र शेजारी पडलेलं. 'फॉन माइनेम ओपा'वर लाल रेघ, वर सुबक अक्षरात 'माइनेस ओपास', आणि कोपऱ्यात गोल करून आठ भागिले दहा.

"सर, हे परत पाठवताय?" मी विचारलं.

"मग? तपासलेली वही परत द्यायची नाही का?"

"वही नाहीये ती."

"आठ दिलेत," ते म्हणाले. "तुला कधी आठ दिले होते मी?"

ते खरं होतं, मला साडेसातच्या वर कधी मिळाले नाहीत. मी हसले. आणि लिफाफा त्यांनी माझ्याच हातात दिला, जाता जाता टाक म्हणाले, आणि मी टाकला. हे मी का सांगतेय, तर पुढे जे झालं त्यातला थोडा वाटा माझाही आहे.

त्यानंतरच्या रविवारी नात फोनवर आली नाही. मैत्रिणीकडे गेली होती. पुढच्या रविवारी आंघोळ करत होती. त्याच्या पुढच्या रविवारी तिला बरं नव्हतं, पण फोनमध्ये मागून तिचं गाणं ऐकू येत होतं. ते सरांनाही ऐकू आलं असणार, कारण ते मुलीला म्हणाले, "बरं, झोपू दे तिला." पाच रविवार असे गेले. सर यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, मुलीशी पाच मिनिटं हवापाण्याचं बोलायचे आणि फोन टेबलावर पालथा घालून बसून राहायचे. मी चहा नेऊन ठेवायचे. कप उचलायला जायचे तेव्हा वर साय धरलेली असायची.

एकदा मी कसलासा कागद द्यायला त्यांच्या घरी गेले होते. एक खोली, स्वयंपाकघर, गॅलरी. खिडकीपाशी दोन खुर्च्या, एक सरांची आणि एक बाईसाहेबांची. बाईसाहेबांच्या खुर्चीवर वर्तमानपत्रं रचलेली नव्हती, कपडे टाकलेले नव्हते, काहीच नव्हतं. मी बसायला गेले तर सर चटकन म्हणाले, "इथे बस," आणि आपली खुर्ची मला दिली. स्वतः उभे राहिले. मला घर खायला उठलं. ते तिथे रोज राहतात.

मग एका गुरुवारी हसरीचा फोन आला. हसरी ही आमची जुनी विद्यार्थिनी, नर्स, सात-आठ महिन्यांपूर्वी तिकडे गेलेली, वृद्धाश्रमात काम करते. नाव हसरी का, ते तिच्याशी दोन मिनिटं बोललं की कळतं. नव्या बॅचला तिचा अनुभव ऐकवावा म्हणून मीच फोन मोठ्या पडद्यावर लावला. सर पहिल्या बाकावर बसले होते, मुलींमध्ये.

"सर, तुमची षष्ठी मी इमानदारीत वापरली हं," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात एका आजींना विचारायचं होतं, तुमच्या नवऱ्याच्या गोळ्या कुठायत. मी ताठ उभी राहून म्हटलं, डी टाब्लेटन ईअरेस मानेस. आजी घाबरल्याच. त्यांना वाटलं, मी सरकारी कचेरीतून आलेय."

मुली हसायला लागल्या. सर नाही हसले.

"मग काय म्हणायचं?" एकीने विचारलं.

"डी टाब्लेटन फॉन ईअरेम मान. सगळे तसंच बोलतात. फॉन लावायचं आणि पुढचं चतुर्थीसारखं चालवायचं, 'ईअरेस'चं 'ईअरेम'. पण तुम्ही सरांचं सोडू नका हं. रिपोर्ट लिहिताना त्यांचंच चालतं. पेशंट पडला तर मी 'वेगेन डेस श्टुर्त्सेस' लिहिते, पडल्यामुळे. तोंडाने मात्र सगळे 'वेगेन डेम श्टुर्त्स' म्हणतात. आणि नावाला सगळेच 'स' लावतात. पेटर्स याके, पेटरचं जाकीट. ते बोलतानाही तसंच."

"आणि फॉन कुठे लिहितानाही लागतो?" सरांनी विचारलं. आवाज परीक्षकाचा होता.

"जिथे आर्टिकल नसतं आणि षष्ठी दिसायला जागाच नसते तिथे," हसरी पाठ म्हटल्यासारखं म्हणाली. "डी मुटर फॉन फीअर किंडर्न. चार मुलांची आई. तुम्हीच शिकवलंत, सर."

"बरोबर," सर म्हणाले.

हसरी म्हणाली, "त्या आजी आता माझ्या लाडक्या झाल्यात. मला काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, तू आलीस तेव्हा मला वाटलं, ही माझ्यावर रागावलीये. इतकं शुद्ध कोणी मायेने बोलत नाही."

त्यावर मुली पुन्हा हसल्या. सर उठले, खिडकीपाशी गेले आणि खाली रस्त्याकडे बघत उभे राहिले. तास संपून मुली गेल्यावर ते मागच्या खोलीत येऊन बसले.

"मला हे माहीत नव्हतं असं नाही," ते म्हणाले. "व्याकरणाच्या पुस्तकात तळटीप असते. बोलीत फॉन चालतो. तीस वर्षांपूर्वी वाचलीय मी ती."

"हो, सर."

"मला वाटायचं, तळटीप म्हणजे आळशी लोकांची सोय." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. "तिने मला घर काढून पाठवलं, आणि मी काय पाठवलं?"

मी त्यांच्यापुढे चहा आणून ठेवला.

रविवारी त्यांनी मुलीला सरळ विचारलं. मी त्या दिवशी पेपर लावायचं सोंगही केलं नाही, दारातच उभी राहिले. सर मला बघून काही म्हणाले नाहीत.

"ते चित्र पोचलं होतं का गं?"

"पोचलं ना, बाबा."

"मग ती का येत नाही फोनवर?"

"बाबा, तिला ते लाल दिसलं. मी समजावलं, आजोबा शिक्षक आहेत, ते सगळ्यांचंच तपासतात. ती म्हणाली, ओपाला घर आवडलं नाही."

"असं म्हणाली?"

"हो. आणि आता तुमच्याशी बोलताना चुकलं तर, म्हणून नको म्हणते. मी जबरदस्ती नाही केली, बाबा. आईशी बोलायची तेव्हा तिला कधी भीती वाटली नाही, म्हणून मला..." तिने वाक्य अर्धं सोडलं.

"नको करू जबरदस्ती," सर म्हणाले. त्यांनी फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हिच्या आईला एक शब्द येत नव्हता." मी मान हलवली. रडू मला आलं, त्यांना नाही.

त्या आठवड्यात सर क्लासात लवकर यायला लागले. झेरॉक्सवाल्याकडून कोरे कागद आणले, माझ्या टेबलावरून पेन्सिल नेली. पट्टी त्यांची स्वतःची होती, कारखान्यातली, स्टीलची. तीन दिवस काढत होते. चौथ्या दिवशी मला दाखवलं, वही दाखवायला आलेल्या मुलीसारखं, जरा लांबूनच.

त्यांची खोली होती ती. पट्टीने मारलेल्या रेघा, सगळं मापात, पंपाचं आतलं चित्र असावं तसं. आणि प्रत्येक गोष्टीला बाण लावून नाव. ओपाची खुर्ची: डेर श्टूल फॉन ओपा. ओपाचा चष्मा. ओपाचा पलंग. ओपाचा कप. ओमाची, म्हणजे आजीची, खुर्ची. सगळीकडे फॉन, एकही षष्ठी नाही.

"सर, हसरी म्हणाली ना, नावाला 'स' बोलतानाही लावतात," मी म्हटलं. ओपा-ओमा म्हणजे घरातली नावंच की. "ओमास श्टूल चाललं असतं."

"असू दे," ते म्हणाले. "सध्या फॉनच असू दे."

खाली त्यांनी एक ओळ लिहिली होती: 'तपासून परत पाठव. किती मार्क?' आणि एक रिकामं वर्तुळ काढलं होतं. लिफाफा मी नेऊ का विचारलं, तर नको म्हणाले, आणि स्वतः टाकून आले.

तीन रविवार उत्तर नाही. सर इस्त्रीचा शर्ट घालून येत राहिले. मुलीला त्यांनी चित्राबद्दल विचारलं नाही, आणि तीही बोलली नाही. क्लासात मात्र त्यांनी फळ्याच्या मध्ये एक उभी रेघ मारली. डावीकडे लिहायचं, उजवीकडे बोलायचं. डावीकडे डेस आणि डेर, उजवीकडे फॉन. उजवीकडचं वाक्य ते दोनदा म्हणवून घ्यायचे आणि म्हणायचे, "गोड म्हणा. ऐकणारा आजारी आहे." मुली एकमेकींकडे बघायच्या. त्यांना काय माहीत.

काल दुपारी पोस्टमन आला. सर आतल्या खोलीत वह्या तपासत होते. लिफाफ्यावरचं अक्षर मी ओळखलं आणि धावत नेऊन दिला. त्यांनी तो स्टीलच्या पट्टीने उघडला, कडेकडेने, जराही न फाडता. त्यांचंच चित्र परत आलेलं. कुठल्याही फॉनवर रेघ नव्हती. ओमाच्या खुर्चीवर पिवळ्या खडूने एक फूल काढलेलं होतं. आणि वर्तुळात लाल खडूने, ठळक, आठ.

"आठ दिलेत," सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "फिटंफाट केली पोरीनं." मग त्यांना वर्तुळाखालची बारीक ओळ दिसली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, वाचला, आणि माझ्याकडे दिला.

आख्ट फॉन त्सेन. ओपा फेल्ट.

दहापैकी आठ. आजोबा नाहीयेत.

मी चित्र पुन्हा बघितलं. खुर्ची होती, चष्मा होता, पलंग, कप, सगळं आजोबांचं. तीन दिवस बसून काढलं होतं, सूत इकडचं तिकडे नाही. आणि माणूस कुठेच नव्हता. तिच्या चित्रात जिन्यावर गोल चष्म्याचा आजोबा उभा होता. सरांच्या चित्रात नव्हता. मला तरी तो कुठे आठवला होता? मी बघितलं होतं की, आणि 'स'चं बोलले होते.

बाहेर पुढच्या बॅचच्या मुली येऊन बसत होत्या, बाक सरकत होते. सरांचा तास सुरू व्हायची वेळ झाली होती, आणि बारा वर्षांत ते एक मिनिटही उशिरा गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

"चूक बरोबर काढलीय," ते शेवटी म्हणाले.

त्यांनी तपासायच्या वह्या बाजूला सारल्या, लाल पेनाला टोपण लावलं आणि माझी पेन्सिल घेतली. कागद समोर ओढला. पेन्सिल ओपाच्या खुर्चीवर टेकवली आणि तशीच धरून राहिले.

"इतकी वर्षं पंप काढले," ते म्हणाले. "माणूस कसा काढतात गं?"

"आधी डोकं काढा, सर," मी म्हटलं. "गोल."